ऑप्शन चेनमधला ओआय आणि २५,००० ची भिंत

प्रश्न: निफ्टीच्या ऑप्शन चेनमध्ये २५,००० च्या कॉलवर सगळ्यात जास्त ओआय, म्हणजे ओपन इंटरेस्ट, दिसत होता, म्हणून तिथे रेझिस्टन्स धरून मी कॉल विकला. निफ्टी तिथे दहा मिनिटं रेंगाळला आणि सरळ वर निघून गेला. ओआयवरून सपोर्ट-रेझिस्टन्स बघायची पद्धतच खोटी आहे, की मी वाचायला चुकतोय?

उत्तर: पद्धत खोटी नाही, पण ती जेवढं सांगते त्यापेक्षा जास्त तुम्ही तिच्याकडून ऐकलंत. २५,००० वर दीड लाख कॉन्ट्रॅक्ट दिसले की तिथे दीड लाख विक्रीच्या ऑर्डरी लागल्या आहेत असं मनात बसतं. तसं काहीच नसतं. ऑर्डर म्हणजे अजून व्हायचा सौदा. ओआय म्हणजे झालेला आणि अजून न कापलेला सौदा. त्यात जितके विकणारे तितकेच घेणारे असतात, आणि चेन पाहून यातलं कोण मोठं, कोण हुशार, कोणी कशासाठी घेतलं हे काहीच कळत नाही.

आपण सगळे गृहीत धरतो ते असं: ऑप्शन विकायला मार्जिन जास्त लागतं, म्हणून विकणारा पैसेवाला, पैसेवाला म्हणजे जाणकार, जाणकाराने २५,००० चा कॉल विकलाय, म्हणजे निफ्टी त्याच्या वर जाणार नाही असं त्याला वाटतं. यातली पहिली पायरी बऱ्यापैकी खरी आहे. दुसरी कधी खरी, कधी खोटी. तिसरीत मात्र मोठी फट आहे, कारण त्याला काय वाटतं याला बाजार बांधील नाही. आणि त्याचा अंदाज चुकला की तो काय करतो, तुमच्या सौद्याचं नशीब त्यावर ठरतं.

एक उदाहरण घेतो. आकडे समजण्यापुरते बनवलेले आहेत, पण त्यांचं आपसातलं प्रमाण खऱ्या चेनसारखंच ठेवलंय. शुक्रवारची सकाळ आहे, निफ्टी २४,८४० वर, आणि एक्सपायरी येत्या मंगळवारी. ओआय कॉन्ट्रॅक्टमध्ये दिला आहे.

| स्ट्राइक | कॉल ओआय | कॉल प्रीमियम | पुट प्रीमियम | पुट ओआय |
|---|---|---|---|---|
| २४,५०० | ९,००० | ३६५ | २२ | १,२८,००० |
| २४,८०० | ५८,००० | १४५ | १०५ | ९२,००० |
| २५,००० | १,६२,००० | ६२ | २२० | ३१,००० |
| २५,२०० | ८८,००० | १९ | ३७५ | ८,००० |
| २५,५०० | १,४५,००० | २.५ | ६६० | ३,००० |

नेहमीचं वाचन असं होईल: खाली २४,५०० ला सपोर्ट, वर २५,००० ला रेझिस्टन्स, आणि ते तुटलं तर पुढचा अडथळा २५,५०० ला.

आधी २५,५०० बाजूला काढा. तिथले १,४५,००० कॉन्ट्रॅक्ट अडीच रुपयांचे आहेत. हे सगळे सौदे अडीच रुपयांच्या आशेने विकायला आलेल्यांनीच घडवले असतील असं वाटतं का? काही तसे असतीलही. पण एवढा लांबचा स्वस्त ऑप्शन बऱ्याचदा उलट्या कारणाने घेतलेला असतो. जवळचा कॉल विकणारा लांबचा कॉल विकत घेतो, कारण त्याने नुकसानाला कुंपण पडतं आणि मार्जिन बरंच खाली येतं. काही जण लॉटरीचं तिकीट म्हणूनही घेतात. त्यातून ५०० आणि १,००० च्या पटीतल्या स्ट्राइकवर गर्दी कायमच जास्त. निफ्टीत दर ५० अंकांवर स्ट्राइक असतो, पण २५,४५० कोणाला आठवत नाही, २५,५०० सगळ्यांना आठवतो. म्हणून लांबच्या पूर्ण आकड्यावरचा मोठा ओआय मी भिंत म्हणून मोजतच नाही. ओआयला प्रीमियमने गुणा: २५,५०० वर ३.६ लाख येतात, २५,००० वर एक कोटीच्या वर. कच्चा ओआय अडीच रुपयांचा आणि दीडशे रुपयांचा ऑप्शन एकाच मापाने मोजतो. सेबीनेही मे २०२५ च्या परिपत्रकात ओआयला डेल्टाचं, म्हणजे निफ्टी एक अंक हलला की ऑप्शन किती हलतो त्याचं, वजन देऊन मोजायची पद्धत आणली, ती याच दोषावर.

आता उरले २४,५०० आणि २५,०००. हेच दोन का भरले? २४,८०० चा कॉल १४५ ला आणि पुट १०५ ला आहे, बेरीज २५०. मंगळवारपर्यंत साधारण एवढीच हालचाल बाजार किमतीत धरून बसलाय. २४,८०० मधून २५० वजा केले की २४,५५०, मिळवले की २५,०५०. ऑप्शन विकणारा हीच बेरीज बघतो आणि तिच्या टोकाशी येणारा पूर्ण आकडा निवडतो. म्हणजे निफ्टी बहुतेक आठवड्यांत या दोन आकड्यांच्या आत राहतो तो तिथे भिंत आहे म्हणून राहतो असं नाही. निफ्टी जिथवर जाण्याची शक्यता कमी, तिथेच लोकांनी कुंपण घातलेलं असतं. गावाची वेस गावाचा विस्तार अडवत नाही, विस्तार जिथे संपतो तिथे ती असते. ओआयला ढोबळ नकाशा म्हणायला माझी हरकत नाही, ती एवढ्याच अर्थाने.

मग निफ्टी खरोखर २५,००० पाशी आला की काय होतं? इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे.

समजा सोमवार आहे. सकाळी निफ्टी २४,९०० च्या आसपास उघडला, २५,००० चा कॉल ३४ रुपयांना होता. साडेबाराला निफ्टी २४,९८५ वर आणि कॉल ६१ वर. शुक्रवारी ज्याने हा कॉल ६२ ला विकला, त्याचं काय झालं? निफ्टी जवळजवळ दीडशे अंक त्याच्या विरुद्ध गेला आणि त्याचं नुकसान शून्य. एक्सपायरी जवळ येत जाते तशी प्रीमियमची झीज होते; दोन-तीन दिवसांची ही झीज त्याच्या खिशात गेली आणि तिनेच त्याला वाचवलं. हा माणूस २५,००० ला घाबरत नाही. एक्सपायरीपर्यंत धरून ठेवलं तर त्याचा तोटा २५,०६२ च्या वर सुरू होतो. म्हणून कॉलची भिंत स्ट्राइकवर बघायची नाही, स्ट्राइक अधिक विकलेला प्रीमियम इथपर्यंतचा पट्टा बघायचा. आपल्या उदाहरणात तो साधारण २५,००० ते २५,०६०. पुटला उलट: २४,५०० वजा २२, म्हणजे २४,५०० ते २४,४७८. सगळ्यांनी एकाच भावाला विकलेलं नसतं, त्यामुळे हा पट्टा अंदाजाचाच. पण ओआय ज्या दिवशी सर्वात जास्त वाढला त्या दिवशी त्या ऑप्शनचा सरासरी भाव काय होता हे पाहिलं की बऱ्यापैकी जवळ जाता येतं.

तुमचा निफ्टी दहा मिनिटं रेंगाळला तो बहुधा याच पट्ट्यात. तेवढ्यात तुम्हाला वाटलं की रेझिस्टन्सने काम केलं.

पट्टा ओलांडायची वेळ आली की कॉल विकणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. एक, गप्प बसणं. दोन, कॉल परत विकत घेऊन सौदा कापणं. तीन, कॉल तसाच ठेवून निफ्टीचं फ्युचर विकत घेणं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेत तो खरेदीदार होतो! फ्युचरची खरेदी निफ्टीला थेट वर ओढते. कॉल परत घेतला तर समोर तो देणारा बऱ्याचदा आपला धोका झाकायला फ्युचर घेतो, म्हणजे दाब तिथेच जातो. ज्या ओआयला तुम्ही अडथळा म्हणालात, तोच वर जाण्याचं इंधन झाला. आकडा मोठा असेल तर भडकाही मोठा.

याच्या उलटही घडतं, आणि त्यामागचं कारण फारसं कोणी सांगत नाही. समजा २५,००० चे कॉल एखाद्या मोठ्या संस्थेने विकत घेतलेत आणि दिशेचा धोका नको म्हणून ती समोर फ्युचर विकून बसली आहे. निफ्टी वर गेला की तिचे कॉल जास्त जोमाने वाढतात, तोल साधायला तिला आणखी फ्युचर विकावं लागतं. निफ्टी खाली आला की तेच फ्युचर ती परत घेते. वर विक्री, खाली खरेदी. निफ्टी २५,००० भोवती गोठ्यातल्या खुंट्याला बांधल्यासारखा फिरत राहतो, विशेषतः एक्सपायरीच्या दिवशी. म्हणजे ‘रायटर, म्हणजे ऑप्शन विकणारे, आपली लेव्हल राखतात’ ही कथा जवळजवळ उलटी आहे. किंमत जागेवर धरून ठेवतो तो तोल सांभाळणारा खरेदीदार. तोल सांभाळणारा विक्रेता तिला पुढे ढकलतो. २५,००० वर यातला कोण भारी आहे हे ओआयच्या आकड्यात दिसत नाही. १,६२,००० दोन्ही वेळा १,६२,००० च दिसेल.

मग दिसतं काय? किंमत पट्ट्यात आल्यावर ओआय कसा बदलतो ते दिसतं. मी मुख्यतः तेवढंच बघतो.

सोमवारचं उदाहरण पुढे नेतो. साडेबाराला कॉल ६१ वर असताना २५,००० चा कॉल ओआय १,६२,००० वरून १,४८,००० वर आलाय. प्रीमियम वाढतोय आणि ओआय कमी होतोय, म्हणजे विकणारे सौदे कापताहेत. त्याच वेळी २५,००० च्या पुटचा ओआय ३१,००० वरून ५२,००० झालाय आणि पुटचा प्रीमियम पडतोय. कोणीतरी त्या स्ट्राइकला पुट विकायची हिंमत करतंय, निफ्टी अजून त्याच्या खाली असताना. पावणेदोनला निफ्टी २५,०६५, कॉल १०० च्या आसपास, कॉल ओआय १,२०,०००, पुट ओआय ८०,०००. भिंत विरघळली. ती विरघळायला सुरुवात झाली होती साडेबारालाच, म्हणजे निफ्टी २५,००० ओलांडायच्या आधी. तुम्ही कॉल विकलात तेव्हा हे दोन आकडे कुठल्या दिशेने चालले होते ते आठवून बघा.

भिंत टिकते तेव्हाचं चित्र वेगळं असतं. निफ्टी २४,९८५ वर आला, पण कॉल ओआय १,६२,००० वरून १,८५,००० झाला आणि त्या कॉलची आयव्ही, म्हणजे त्याच्या भावात धरलेली हालचालीची अपेक्षा, खाली आली. नवीन विक्री होते आहे आणि ती भाव पाडून होते आहे. २४,९०० चे पुट विकणारे मात्र काढता पाय घेताहेत. अशा वेळी २५,००० ला परत फिरण्याची शक्यता जास्त धरता येते.

आयव्ही बघायचं कारण असं की नुसत्या प्रीमियमवर भरवसा ठेवता येत नाही. ‘ओआय वाढला, प्रीमियम पडला म्हणजे रायटिंग’ हा तक्ता सगळ्यांना पाठ आहे. पण निफ्टी पन्नास अंक पडला की कॉलचा प्रीमियम आपोआप पडतो, मग त्यात कोणी कॉल हौसेने घेत असलं तरी. दुपारभर निफ्टी जागेवर उभा राहिला तरी झीजेने प्रीमियम पडतो. ओआय वाढला आणि आयव्हीसुद्धा वाढली तर तिथे खरेदीचा जोर आहे, मग प्रीमियम काहीही सांगो. आयव्ही पडली तर विक्रीचा.

आता नकाशा जिथे फसवतो त्या जागा. यातल्या काहींत मी स्वतः पडलोय.

सकाळी साडेनऊला ‘CHNG IN OI’ हा रकाना बघून निर्णय घेऊ नका. तो आदल्या दिवशीच्या बंदशी तुलना करतो, आणि पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत त्यात एवढं कमी घडलेलं असतं की दोन मोठे सौदे चित्र पालटवतात. मी साधारण सव्वादहापर्यंत तो रकाना झाकलेला समजतो. दुपारी तीननंतर उलटा घोळ. त्याच दिवशी कापायचे सौदे त्या सुमारास निघतात, ब्रोकरही ते कापायला लागतात, आणि सगळ्याच स्ट्राइकवरचा ओआय उतरतो. त्याला ‘भिंत तुटली’ म्हणायचं नाही. एकाच स्ट्राइकचा ओआय शेजाऱ्यांपेक्षा खूप वेगाने उतरला तरच त्याला अर्थ आहे.

दुसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण मला एकदा महाग पडली. मी वापरायचो त्या एका ॲपवर सगळ्या एक्सपायऱ्यांची बेरीज दाखवणारा पर्याय चालू राहिला होता. मला वाटलं या आठवड्याचा पुट ओआय २४,००० ला प्रचंड आहे. निम्म्याहून जास्त ओआय महिन्याच्या एक्सपायरीचा निघाला, आणि महिनाभरासाठी घेतलेला पुट म्हणजे बहुतेकदा कोणाच्या तरी शेअर्सचा विमा. तो काही सपोर्ट नव्हे. एकक पण तपासा. एनएसईच्या संकेतस्थळावर ओआय कॉन्ट्रॅक्टमध्ये असतो, काही ॲप तोच लॉटने गुणून दाखवतात. दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवले की डोकं फिरतं. जुन्या काळाशी तुलना करतानाही हेच. निफ्टीचा लॉट नोव्हेंबर २०२४ मधल्या बदलाने २५ वरून ७५ झाला आणि पुढे ६५ वर आला. त्यामुळे २०२३ चा एक लाख आणि आजचा एक लाख सारखे नाहीत.

तिसरी जागा सर्वात धोक्याची: मोठ्या घटनेचा दिवस. ३ जून २०२४ ला एक्झिट पोलच्या उत्साहात निफ्टी २३,२६३.९० वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी लोकसभेचे निकाल लागताना तो २१,२८१.४५ पर्यंत खाली गेला आणि २१,८८४.५० वर बंद झाला. वाटेत २३,०००, २२,५००, २२,००० आणि २१,५०० असे पूर्ण आकडे होते. ज्यांनी त्या पुटांच्या ओआयला मजला समजून खरेदी केली, त्यांचे मजले काही तासांत एकावर एक कोसळले. अशा दिवशी पुट विकणारा सौदा कापायला धावतो आणि दाब खालीच जातो, आधी सांगितलेल्या कॉलच्या गोष्टीचं उलटं रूप. निवडणूक निकाल, अर्थसंकल्प, रिझर्व्ह बँकेचा निर्णय आणि रातोरात आलेली जागतिक बातमी, या दिवशी मी चेनवरून लेव्हल काढतच नाही. फार तर कॉल-पुटची बेरीज बघतो, म्हणजे बाजार किती हालचाल धरून बसलाय ते कळतं.

मॅक्स पेन, म्हणजे ऑप्शन घेणाऱ्यांना एकूण सर्वात कमी पैसे मिळतील ती लेव्हल, आणि पीसीआर, म्हणजे पुट ओआय भागिले कॉल ओआय, यांबद्दल विचारलं नाहीत, पण कोणी तरी सांगेलच. दोन्ही याच ओआयच्या बेरजा-भागाकार आहेत. मूळ आकड्यात घेणारा कोण आणि विकणारा कोण हे नसेल, तर भागाकार केल्याने ते उगवत नाही.

आता तुमच्या सौद्याबद्दल. मला त्यात रेझिस्टन्सच्या वाचनापेक्षा उघडा विकलेला कॉल जास्त खटकला. शुक्रवारच्या भावाने २५,००० चा कॉल ६२ ला विकून २५,२०० चा १९ ला घेतला असता तर हातात ४३ आले असते, आणि निफ्टी कुठेही गेला तरी नुकसान १५७ अंकांवर थांबलं असतं. ६५ च्या लॉटला १०,२०५ रुपये, अधिक खर्च. आणि चुकलो हे कबूल करायची जागाही नकाशातूनच निघते: निफ्टी २५,०६० च्या वर पंधरा मिनिटं टिकला आणि २५,००० चा कॉल ओआय उतरतोय, तर बाहेर. निफ्टी २५,०६० च्या वर आहे पण कॉल ओआय वाढतोच आहे आणि आयव्ही पडतेय, तर थोडी कळ काढता येते. कुंपण घातलेलं असेल तरच.

असं केल्यावर चेनमध्ये काय घडलं असतं तेही बघा. तुमच्या सौद्याने २५,००० वर एक आणि २५,२०० वर एक असा ओआय वाढू शकला असता. २५,२०० चा कॉल तुम्ही घेतलेला, भीतीपोटी. पण दुसऱ्या कोणाच्या स्क्रीनवर त्या ८८,००० मध्ये तुमचाही एक मिसळला असता, आणि तो म्हणाला असता, बघा, २५,२०० ला रेझिस्टन्स वाढतोय.